पट्टीखालची पेटी

आमच्या मजल्यावर मधल्या घरात जे गृहस्थ राहतात त्यांना अख्खी इमारत पुसणीस म्हणते. हे त्यांचं आडनाव नाही. चिटणीस, फडणीस, पोतनीस असतात ना, तसे हे पुसणीस. पद इमारतीनेच बहाल केलेलं आहे. एकदा जिन्यात मी त्यांच्या बायकोला विचारलं होतं, "काय गं, तुझे यजमान त्या टीव्ही चॅनेलमध्ये नक्की करतात तरी काय?" तर ती भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेत म्हणाली, "नावं पुसतात." झालं. त्या दिवसापासून ते पुसणीस.

काम खरंच तसं आहे. बाहेरून चॅनेलकडे क्लिपा येतात. काही गावोगावच्या बातमीदारांनी पाठवलेल्या, काही दुसऱ्या चॅनेलने देवाणघेवाणीत दिलेल्या. त्यात बोलणाऱ्या माणसाच्या छातीखाली एक रंगीत पट्टी असते. वर माणसाचं नाव, खाली तो कोण ते. ज्याने पाठवली त्याच्या रंगाची, त्याच्या अक्षरांची. आता तीच क्लिप आपल्या बातमीत नुसती मागे चालवायची असेल, म्हणजे निवेदिका बोलते आहे आणि मागे काहीतरी हलतं आहे एवढंच हवं असेल, तर दुसऱ्याची पट्टी तिथे कशी चालेल? मग ती काढायची. ती काढायचं काम पुसणिसांचं.

मला आधी वाटायचं, पट्टी म्हणजे चिकटवलेला कागद. नखाने उचकटली की खालून चित्र निघणार. तसं नसतं म्हणे. पट्टीसकट क्लिप तयार होऊन आली की पट्टीखाली काहीही उरलेलं नसतं. ते ठिपके आता पट्टीचेच. खाली काय होतं ते देवालाही ठाऊक नाही आणि कॉम्प्युटरलाही नाही. "मग तुम्ही काय करता?" मी विचारलं होतं. पुसणीस म्हणाले, "खाली काय असेल ते आम्ही ठरवतो." हे सांगतानाही त्यांचा चेहरा असा, जणू कुणी ऐकलं तर पकडून नेतील.

कारण हे गृहस्थ भित्रे आहेत. साधे भित्रे नव्हेत, अव्वल. दारावर टकटक झाली की आधी घरातला दिवा घालवतात. लिफ्टमध्ये एकटे बसत नाहीत आणि कुणी सोबत असेल तरी बसत नाहीत. खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या कुत्र्याला, ज्याला दात नाहीत, ज्याला जिना चढवावा लागतो, त्याला हे "अहो" म्हणतात. बायको त्यांना चिडवते, "तुम्ही घाबरत नाही अशी एक तरी वस्तू सांगा." ते विचार करून म्हणतात, "तू झोपलेली असताना तू."

पण एका दुपारी ते घाबरले, ते वेगळं होतं. ते पाहून मी आजवर त्यांच्यावर केलेले सगळे विनोद मनातल्या मनात परत घेतले.

चॅनेल घरापासून चालत जाण्याइतकं जवळ. त्यामुळे ते दुपारी जेवायला घरी येतात. मीही तेव्हा त्यांच्याकडेच होते. कारण विचारू नका, मी नेहमीच असते. त्यांच्या बायकोने ताट वाढलं होतं, टीव्ही लावला होता, आणि दुपारच्या बातम्या चालू होत्या. नवऱ्याचं चॅनेल ती निष्ठेने बघते. नवरा मात्र ताटात बघतो, पडद्याकडे नाही. मिठाईवाल्याला मिठाईची हौस नसते तसं.

बातमी नकली औषधांची होती. गोदामावर धाड, निळ्या पट्ट्याच्या पेट्या जप्त, एका ठोक व्यापाऱ्याला अटक. निवेदिका म्हणाली, "ही बनावट औषधं काउंटरवर उघडपणे विकली जात होती," आणि पडद्यावर एक मेडिकलवाली बाई आली. मागे औषधांनी भरलेल्या फळ्या, पुढे काउंटर, आणि काउंटरवर, बाईच्या अगदी पुढ्यात, निळ्या पट्ट्याची पेटी. बाई काहीतरी बोलत होती, आवाज नव्हता. ओठ तेवढे हलत होते.

पुसणिसांची बायको हातातला चमचा पडद्याकडे रोखून म्हणाली, "बघा ताई! दिसते किती सोज्वळ, आणि समोरच मांडून बसलीय बया! वर तोंड करून बोलतेय!"

"आपल्या मेडिकलवाल्याकडेही बघायला हवं गं," मी म्हटलं. "त्याचं तर तोंडही सोज्वळ नाही."

आम्ही दोघी हसलो. पुसणिसांनी मान वर केली. पडद्याकडे पाहिलं. हातातला घास होता तिथेच राहिला.

"ती कोण म्हणालीस?" त्यांनी बायकोला विचारलं.

"कोण म्हणजे? नकली औषधं विकणारी. आत्ता अटक झाली ना ती."

"अटक व्यापाऱ्याला झाली. पुरुषाला."

"मग ही त्याची बायको असेल."

पुसणीस उठले. हात न धुताच उठले. ज्या माणसाला जंतूंचीही भीती वाटते तो उष्ट्या हाताने पडद्याजवळ जाऊन उभा राहिला. बातमी तोवर पुढे सरकली होती, आता रस्त्यातल्या खड्ड्यांचं चालू होतं. ते खड्ड्यांकडेच बघत म्हणाले, "ती पेटी मी ठेवली."

"काय?"

"ती पेटी. काउंटरवरची. ती तिथे नव्हती. मी ठेवली."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे. तिने हळूच विचारलं, "अहो, ताप आहे का?" आणि त्यांच्या कपाळाला हात लावला. कपाळ गार होतं. बर्फासारखं.

मग त्यांनी तुटक तुटक जे सांगितलं ते असं. सकाळी ही क्लिप त्यांच्यापुढे आली. दुसऱ्या चॅनेलची, काही दिवसांपूर्वीची. बातम्यांच्या प्रमुखांनी, ज्यांना सगळं ऑफिस मागून तोफ म्हणतं आणि पुढून साहेब, फर्मावलं, "औषधांच्या फळ्या हव्यात. नाव नको, दुसऱ्याची पट्टी नको. साधं बॅकग्राउंड करून दे." पुसणिसांनी नियमाप्रमाणे आधी त्या चॅनेलला फोन लावला, बिनपट्टीची प्रत आहे का म्हणून. कुणी उचलला नाही. मग चित्र मोठं करून पट्टी खालून बाहेर ढकलून पाहिली, तर दोन्ही बाजूंच्या फळ्या कापल्या गेल्या आणि नुसता बाईचा चेहरा उरला, तोही ठिपके ठिपके होऊन फुटलेला. आपली पट्टी वर ठेवावी, तर ती निघाली की खालची डोकावणार. धूसर करावं, तर काहीतरी लपवल्यासारखं दिसतं.

पण नशीब चांगलं होतं, असं तेव्हा वाटलं. कॅमेरा स्टँडवर होता, तसूभर हलत नव्हता. आणि क्लिपच्या सुरुवातीला पट्टी नव्हती. बाई थोडा वेळ नुसती बोलते, मग पट्टी डावीकडून सरकत येते आणि शेवटपर्यंत ठाण मांडून बसते. म्हणजे पट्टीच्या जागी काय होतं ते सुरुवातीच्या चित्रात उघडं दिसत होतं. त्यातली एक फ्रेम घ्यायची, खालचा तेवढा भाग कापायचा, तो थिजवायचा आणि पट्टीवर शेवटपर्यंत ठिगळासारखा बसवायचा. कडा मऊ करायच्या. उजेड जुळवायचा. कॅमेरा स्थिर, काउंटर स्थिर, बाईचे हात काउंटरच्या मागे. ठिगळ असं बसलं की शिवण कुठेच दिसेना. पुसणीस स्वतःवर खूश झाले, जे वर्षातून एकदा होतं. क्लिप लगेच वेबसाइटवरही चढली.

"मी शिवणच बघत होतो गं," ते बायकोला म्हणाले. "ठिगळाची कड बघायची असते. ठिगळावर काय आहे ते कोण बघतं? काउंटरवर शंभर वस्तू होत्या."

"मग पेटी होतीच ना तिथे?"

"सुरुवातीला होती. नंतरचं पट्टीखाली. पट्टी आल्यावर तिचा खांदा असा हलला होता." त्यांनी स्वतःचा खांदा किंचित पुढे केला. "मला दिसलं होतं ते, तिने काहीतरी सरकवलं असावं. पण खांदा पट्टीच्या वर, मला त्याच्याशी काय करायचं?"

"आणि पट्टीवर काय लिहिलं होतं?"

पुसणिसांनी बोटाने हवेत दोन रेघा ओढल्या. त्यांचे ओठ हलले. मग म्हणाले, "पिवळी अक्षरं. दोन ओळी. खालची ओळ लहान." आणि खुर्चीचा हात धरून हळूच खाली बसले. "मी मापली होती. वाचली नाही."

बायकोने त्यांचे हात धुतले, मुलाचे धुवावेत तसे. एरवी ती त्यांच्यावर करवादली असती. आता ती एवढंच म्हणाली, "जा. आत्ता जा. पुढच्या बातम्यांना परत दाखवतील." आणि माझ्याकडे वळून, "ताई, तुम्ही यांच्याबरोबर जा. रस्त्यात पडले-बिडले तर."

त्यामुळे पुढचं मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

रस्त्यात ते बोलत नव्हते. मीच काहीबाही बोलत होते. शेवटी मीही थांबले, कारण चहाच्या टपरीसमोर दोघे जण एकाच फोनवर वाकून तीच क्लिप बघत होते आणि त्यातला एक म्हणत होता, "हे दुकान मला माहीत आहे." पुसणिसांनी माझा दंड धरला. मोठ्या बाजारात हरवलेलं मूल धरतं तसा. आणि मग जो माणूस कधी रस्ता ओलांडताना धावला नाही, तो चक्क धावला.

एडिटिंगची खोली म्हणजे एक थंडगार कोठडी. खिडकी नाही, पडदेच पडदे, कोपऱ्यात कोट लटकवलेला, कारण आत कायम गारठा. टेबलावरचा फोन वाजत होता. शेजारच्या टेबलावरची मुलगी म्हणाली, "केव्हापासून वाजतोय. रिसेप्शनवाले म्हणतात, कुणी बाई आहे, तिला क्लिप बनवणाऱ्याशीच बोलायचंय. मी नाही उचलला बाई."

पुसणिसांनी फोनकडे पाहिलं. फणा काढून बसलेल्या नागाकडे बघावं तसं. मग आधी खुर्ची ओढली आणि सकाळची मूळ क्लिप उघडली. पिवळ्या अक्षरांची पट्टी डावीकडून सरकत आली. या वेळी त्यांनी वाचली. वरच्या ओळीत बाईचं नाव. खालच्या लहान ओळीत: 'औषधविक्रेत्या, नकली औषधांच्या तक्रारदार.'

"आवाज लावा," मी म्हटलं.

"बॅकग्राउंडला आवाज नसतो," ते सवयीने म्हणाले. मग लावला.

बाईचा आवाज शांत होता. जरा घोगरा. ती सांगत होती की या पेटीवरची छपाई तिला वेगळी वाटली, तिने माल विकायचा थांबवला आणि कळवलं. मग पट्टी आली. खांदा हलला. आणि ती कुणाला तरी, कॅमेऱ्याबाहेरच्या, म्हणाली, "ही घ्या. ही तुमच्याकडेच राहू दे, माझ्या दुकानात नको."

पट्टीच्या मागे, कुणाला न दिसता, तिने पेटी सरकवून देऊन टाकली होती. आणि पुसणिसांनी ती आणून परत तिच्यापुढे ठेवली होती. नाव काढून, आवाज काढून.

फोन वाजतच होता. पुसणिसांनी उचलला. रिसीव्हर त्यांच्या कानाला नीट लागेचना, तेव्हा मी फोनचं ते स्पीकरचं बटण दाबलं. खरं सांगायचं तर त्यांना मदत म्हणून, आणि थोडं मलाही ऐकायचं होतं म्हणून.

"हॅलो? ज्यांनी ते माझं चित्र लावलं ते तुम्हीच का?" तोच घोगरा आवाज. पण शांत नव्हता.

"हो," पुसणीस म्हणाले. मी चकित झाले. मला वाटलं होतं, राँग नंबर म्हणतील.

"माझ्या दुकानासमोर माणसं जमलीत. मी शटर ओढून आत बसलेय. माझ्याकडची मुलगी घरी गेली, मी एकटी आहे. ते शटरवर मारतायत." तिच्या मागे खरंच धाड धाड असा आवाज येत होता. पत्र्यावर हाताचा. मग काहीतरी जड. "माझी पाटी फोडली. मी काय केलंय हो? मी तर कळवलं होतं. ती पेटी कुठून आणलीत तुम्ही? मी वेडी झालेय का? मी तर ती देऊन टाकली होती!"

"तुम्ही देऊन टाकली होती," पुसणीस म्हणाले. "मी आत्ता ऐकलं. तुम्ही वेड्या नाही. ती मी... चुकून... सुरुवातीच्या चित्राचा तुकडा..."

"मला कळत नाही तुम्ही काय बोलताय."

"पट्टी काढताना झालं. तुमच्या नावाची पट्टी."

पलीकडे पत्रा पुन्हा वाजला. मग ती म्हणाली, "माझं नाव तरी माहीत आहे का तुम्हाला?"

पुसणिसांनी पडद्याकडे बघून नाव वाचलं. पूर्ण. आणि खालची ओळही वाचली. ती ऐकून ती बाई रडायला लागली. मोठ्याने नाही. दबक्या आवाजात, बाहेरच्यांना कळू नये म्हणून रडावं तसं. माझे विनोद केव्हाच संपले होते.

"फोन ठेवू नका," पुसणीस म्हणाले. "मी पण ठेवत नाही. ताई, हा धरा." आणि फोनचा रिसीव्हर माझ्या हातात कोंबून ते काचेच्या केबिनकडे निघाले. जाताना मागे वळून शेजारच्या मुलीला म्हणाले, "हिच्या दुकानाच्या भागातल्या पोलिसांना फोन लाव. दुकानाचा पत्ता आपल्या बातमीदाराकडे असेल. आणि वेबसाइटवरची क्लिप काढ." मुलगी तोंड उघडं ठेवून बघत राहिली. नंतर म्हणाली, या माणसाने आजवर मला 'जरा' आणि 'जमलं तर' याशिवाय काही सांगितलं नव्हतं.

तोफ साहेब केबिनमध्ये उभ्यानेच काही वाचत होते. दार उघडंच, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं.

"साहेब, मेडिकलच्या बाईची क्लिप थांबवा."

"का? छान झालीय. पट्टी होती असं वाटतसुद्धा नाही."

"तेच तर झालंय, साहेब." आणि पुसणिसांनी सांगितलं. ततपप झालं, मध्ये दोनदा आवाज गेला, पण सांगितलं.

तोफेने चष्मा काढला. "अरे, मागचं दृश्य आहे ते. मागचं दृश्य कोण बघतं?"

"माझी बायको बघते."

"काय?"

"माझ्या बायकोने बघितलं आणि म्हणाली, हीच ती. मी ताटावर बसलो होतो, साहेब."

"ठीक आहे, पुढच्या बुलेटिनमधून काढ. दुसरं काही लाव, गोळ्यांची पाकिटं, काहीही. बोभाटा नको. चूक कबूल केली की वकील दारात उभा. तुझी नोकरी जाईल, माझीही जाईल. समजतंय ना तुला?"

"समजतंय."

"मग जा."

पुसणीस गेले नाहीत. त्यांची पाठ मला दिसत होती. सदरा घामाने चिकटला होता. मला वाटलं, आता हे खाली बसतात. ते म्हणाले, "साहेब, नुसती काढून काय होणार? काढल्यानेच झालंय हे. बघणाऱ्यांनी बघितलं. आता ती गायब झाली तर वाटेल, खरंच होतं म्हणून गायब झाली."

"मी नाही म्हणालो ना?"

मी बसल्या जागी राहिले नाही. वायर लांब होती, नाहीतर तुटली असती. अख्खा फोनच उचलून मी वायर पोहोचली तिथवर गेले आणि केबिनच्या दाराशी जाऊन स्पीकरचा आवाज वाढवला. फोनमधून पत्रा वाजला. धाड. मग एक पुरुषी आवाज, लांबून: "बाहेर काढा तिला!" आणि जवळून त्या बाईचा श्वास. नुसता श्वास. वेगाने चाललेला.

तोफ साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. "हे काय आहे?"

"हे मागचं दृश्य आहे, साहेब," पुसणीस म्हणाले.

मग साहेब खुर्ची ओढून बसले. इतका वेळ मी या माणसाला मनातल्या मनात शिव्या घालत होते. पण चष्म्याची एकच काच ते पुन्हा पुन्हा पुसत होते. भीती कुणाच्या बापाची नसते, आणि त्या दिवशी ती त्या केबिनमध्ये सगळ्यांच्या वाट्याला सारखी आली होती.

"काय लावायचं म्हणतोस?" त्यांनी विचारलं.

"मूळ क्लिप. जशी आली तशी. आवाजासकट."

"दुसऱ्याची पट्टी आपल्या पडद्यावर?"

"हो. नाव दिसलं पाहिजे. खालची ओळसुद्धा."

"आणि निवेदिका काय बोलणार?"

"की आमची चूक झाली. ही बाई तक्रार करणारी आहे. ती पेटी तिच्या काउंटरवर आम्ही दाखवली, ती तिथे नव्हती."

"आम्ही कशाला? म्हण, तांत्रिक चूक."

"साहेब, तांत्रिक म्हटलं तर शटरवर मारणाऱ्याला काय कळणार?"

साहेबांनी एक कागद पुढे ढकलला. "लिही. लवकर. पुढचं बुलेटिन उघडतानाच घेऊ, पहिल्यांदा हेच."

पुसणीस तिथेच उभ्याने लिहू लागले. त्यांचं अक्षर इतकं थरथरलेलं होतं की निवेदिकेला वाचता येईना, मग शेजारच्या मुलीने ते टाइप केलं. मी दरम्यान फोनवर त्या बाईशी बोलत होते. काय बोलायचं ते कळत नव्हतं. म्हणून विचारलं, तुमच्याकडे टीव्ही आहे का दुकानात? ती म्हणाली, आहे, लहान, फळीवर. लावा म्हटलं. ती म्हणाली, आवाज ऐकून ते जास्त भडकतील. मी म्हटलं, या वेळी मोठ्याने लावा. शटरच्या फटीतून बाहेर गेला पाहिजे इतका.

पुसणीस परत आले. त्यांनी माझ्या हातातून रिसीव्हर घेतला. बुलेटिनची धून वाजली. खोलीतल्या पडद्यावर निवेदिका आली आणि एरवीसारखी हसली नाही. ती वाचत गेली. इकडे तिचं वाक्य संपलं की थोड्या वेळाने तेच वाक्य फोनमधून, त्या दुकानातल्या टीव्हीतून यायचं. प्रक्षेपण पोहोचायला तेवढा वेळ लागतो म्हणे. पण तेव्हा ते ऐकताना असं वाटत होतं, की बोललेलं प्रत्येक वाक्य रस्त्याने चालत त्या शटरपर्यंत जातं आहे.

मग ती बाई पडद्यावर आली. पिवळी पट्टी डावीकडून सरकत आली आणि बसली. "ही घ्या. ही तुमच्याकडेच राहू दे, माझ्या दुकानात नको." इकडे एकदा. तिकडे एकदा.

पुसणिसांनी डोळे मिटून घेतले होते. ते पडद्याकडे बघतच नव्हते. नुसते ऐकत होते. पत्र्यावरचा आवाज चालू होता. मग एक धाड कमी झाली. मग बाहेर कुणीतरी कुणाला तरी "थांब, थांब, ऐक" म्हणालं. मग बरीच कुजबुज. आणि मग पत्रा वाजायचाच थांबला.

"गेले का?" पुसणिसांनी विचारलं.

"माहीत नाही," ती कुजबुजली. "उभे आहेत. फोनवर बघतायत."

"उघडू नका इतक्यात. पोलीस येतायत."

"येतायत म्हणजे कधी?"

पुसणिसांनी शेजारच्या मुलीकडे पाहिलं, तिने खांदे उडवले. पोलीस म्हणाले होते, निघालो. ते काही खोटं नव्हतं, पण त्याने शटरला आधारही मिळत नव्हता.

बाहेरून कुणीतरी शटरवर टकटक केली. हाताने नाही, नाण्याने करतात तशी. सभ्य टकटक. बाई म्हणाली, "कोण?" तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता.

बाहेरून एक माणूस काहीतरी बोलला. आम्हाला नीट ऐकू आलं नाही. पुसणीस फोनमध्ये ओरडले, ज्या माणसाने आयुष्यात कधी आवाज चढवला नाही, "ताई, उघडू नका! फटीतून बघा आधी!"

"पोलीस आहेत," ती म्हणाली. "टोपी दिसतेय. दोघे."

आणि शटर वर जातानाचा आवाज आला. खर्रर्र. तो आवाज ऐकताना पुसणिसांनी दुसऱ्या हाताने टेबलाची कड धरून ठेवली होती, जणू तेच उचलत आहेत. मग रस्त्याचा आवाज एकदम आत शिरला. हॉर्न, बोलणी, पोलिसांचं "चला, चला, पांगा." काच पायाखाली चुरडल्याचा आवाज. तिच्या पाटीची.

फोन तिने काउंटरवर ठेवला असावा. कारण नंतरचं सगळं थोडं लांबून येत होतं. पोलीस काही विचारत होते, ती उत्तरं देत होती, आता त्याच घोगऱ्या, शांत आवाजात. मग आणखी एक आवाज जवळ आला. मघाशी "बाहेर काढा तिला" म्हणणाराच. पुसणिसांनी माझ्याकडे पाहिलं, मीही ओळखला. तो घसा खाकरून म्हणाला, "वहिनी, ते जरा... बीपीच्या गोळ्या हव्या होत्या. आईच्या. आज संपल्यात."

मी स्पीकरचा आवाज आणखी वाढवला.

बाई म्हणाली, "चिठ्ठी?"

"घरी राहिली."

"मग घेऊन या. चिठ्ठीशिवाय मी देत नाही."

तो गेला की थांबला ते कळलं नाही. फोनवर तिचा आवाज परत आला नाही. बहुतेक ती विसरली, फोन चालू आहे ते. मी म्हटलं, "ठेवा आता." पुसणिसांनी मान हलवली, नाही म्हणून. ते तसेच रिसीव्हर कानाला लावून बसून राहिले. फोनमधून झाडूने काचा गोळा केल्याचा आवाज येत होता.